बँकेत आलेले 14,688 रुपये 34 पैसे

देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना विकतो, असे धरू. सोमवार, 6 मे 2024 रोजी त्याच्या दुकानाच्या प्रणालीत पाच ऑर्डरी ‘पैसे मिळाले’ या शिक्क्यासह नोंदल्या गेल्या. एकूण विक्री 15,600 रुपये. बुधवारी, 8 मे रोजी बँकेत गेटवेकडून एकच रक्कम जमा झाली, 14,688 रुपये 34 पैसे. फरक 911 रुपये 66 पैशांचा.

हा फरक गेटवेच्या शुल्काचा असेल, असे समजून बरेच जण ती रक्कम खर्चात टाकून मोकळे होतात. या उदाहरणात तसे केले, तर चार चुका एकदम वहीत शिरतात. 911 रुपये 66 पैसे हा आकडा चार वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेला आहे आणि त्यातले शुल्क जेमतेम 161 रुपये 66 पैसे आहे. उरलेल्या तीन गोष्टींपैकी एक म्हणजे ग्राहकाचे पैसे आहेत. ते बागायतदाराने परत करायला हवेत. हा हिशेब रोज सकाळी, माणसाचा हात न लागता कसा उलगडायचा, ते या प्रकरणात पाहू.

पैसा कोणत्या वाटेने येतो ते आधी पाहायला हवे. ग्राहक कार्डाने किंवा यूपीआयने पैसे देतो, तेव्हा ते थेट विक्रेत्याच्या खात्यात जात नाहीत. आपण ज्याला सरसकट गेटवे म्हणतो, तो रिझर्व्ह बँकेच्या भाषेत पेमेंट अ‍ॅग्रिगेटर असतो. रिझर्व्ह बँकेच्या 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांपासून बँकेतर अ‍ॅग्रिगेटरला हे पैसे शेड्यूल्ड व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यातच ठेवावे लागतात. तिथून ठरलेल्या मुदतीने ते विक्रेत्याला पाठवले जातात. यालाच सेटलमेंट म्हणतात. देशांतर्गत व्यवहारांसाठी कामाचे दोन दिवस ही मुदत अनेक करारांत दिसते. प्रत्येक ऑर्डरचे पैसे वेगळे येत नाहीत. त्या तुकडीतल्या सगळ्या व्यवहारांची बेरीज होते, त्यातून शुल्क आणि परतावे वजा होतात आणि उरलेली एकच रक्कम बँकेत पडते.

म्हणजे एकाच विक्रीच्या तीन नोंदी तीन ठिकाणी राहतात. दुकानाच्या प्रणालीत ऑर्डर असते, गेटवेच्या फाइलमध्ये व्यवहाराची ओळ असते आणि बँकेच्या खातेउताऱ्यात जमा रक्कम असते. ऑर्डर आणि बँक यांना जोडणारा थेट दुवा नसतो. बँकेला A1042 ही ऑर्डर ठाऊक नाही आणि दुकानाला 14,688.34 हा आकडा ठाऊक नाही. दोघांनाही ओळखते ती फक्त मधली फाइल. त्यामुळे जुळवणीला दोन सांधे असतात. पहिला फाइल आणि बँक यांच्यातला, दुसरा फाइल आणि ऑर्डर यांच्यातला. हे दोन सांधे वेगळे ठेवले की काम सोपे होते. ऑर्डरींच्या बेरजेवरून थेट बँकेची रक्कम शोधायला गेलेला माणूस मात्र सांजेपर्यंत हिशेबातच अडकून पडतो.

फाइल आत घेताना

आपल्या उदाहरणातली 8 मेची सेटलमेंट फाइल, गरजेपुरते स्तंभ ठेवून, अशी दिसते. रकमा पैशांत आहेत.

```
entity_id,type,order_receipt,amount,fee,tax,debit,credit
pay_01,payment,A1041,320000,0,0,0,320000
pay_02,payment,A1042,450000,10620,1620,0,439380
pay_03,payment,A1043,235000,5546,846,0,229454
pay_04,payment,A1044,320000,0,0,0,320000
pay_05,payment,A1044,320000,0,0,0,320000
rfnd_01,refund,A1019,160000,0,0,160000,0
```

या दुकानाचा करार कार्डावर दोन टक्के आणि यूपीआयवर शून्य असा आहे. A1042 ही 4,500 रुपयांची ऑर्डर कार्डाने झाली. तिच्यावर 90 रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 16 रुपये 20 पैसे. एकूण कापले 106 रुपये 20 पैसे.

इथे `fee` च्या स्तंभात 10620 आहे, 9000 नाही. या फाइलीत शुल्काच्या आकड्यात कर आधीच मिळवलेला आहे आणि `tax` चा स्तंभ त्यातला कराचा भाग फक्त उकलून दाखवतो. काही गेटवे हे दोन आकडे वेगवेगळे देतात, काही असे एकात एक. हे न तपासता ज्याने दोन्ही वजा केले, त्याच्या हिशेबात प्रत्येक कार्ड-व्यवहारामागे कराइतकी रक्कम दोनदा कापली जाते. A1042 पुरते ते 16 रुपये 20 पैसेच, पण हंगामभरातल्या हजारो पेट्यांवर ती रक्कम चांगलीच फुगते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पैसे आल्याच्या प्रत्येक ओळीत `amount` मधून `fee` वजा केल्यावर `credit` पैशापर्यंत जुळले पाहिजे. 450000 मधून 10620 गेले की 439380 उरतात. जुळले. ही परीक्षा प्रत्येक ओळीवर घ्यायची आणि एक ओळ जरी नापास झाली तरी फाइल पुढे जाऊ द्यायची नाही.

शुल्क आणि कर आपण स्वतः टक्केवारीने काढून पाहावेत, पण वहीत लिहायचे ते फाइलीतलेच आकडे. गेटवे प्रत्येक व्यवहारावर वेगळी गोळाबेरीज करतो. आपण दिवसाच्या एकूण रकमेवर दोन टक्के काढले, तर दोन-चार पैशांचा फरक पडू शकतो. तो फरक ही चूक नव्हे, पण यंत्राला ते कळत नाही.

रकमा पैशांत आणि पूर्णांकात ठेवण्यामागेही कारण आहे. संगणकाची दशांश संख्या साठवण्याची नेहमीची पद्धत द्विमान असते आणि तिच्यात 0.1 अचूक बसत नाही. शेकडो ओळींची बेरीज केली की शेवटी पैशाचा अतिसूक्ष्म अंश लटकत राहतो आणि ‘दोन्ही रकमा समान आहेत का’ या साध्या प्रश्नाला नाही असे उत्तर येते. रुपयात आलेली फाइल वाचतानाच शंभराने गुणून पूर्णांक करावी किंवा डेटाबेसमध्ये अचूक दशांश प्रकार वापरावा.

यापेक्षा जास्त घोटाळा होतो तो फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडल्याने. कोणीतरी सीएसव्ही नुसती पाहायला उघडतो, एखादी ओळ नीट करतो, जतन करतो आणि तीच फाइल पुढे पाठवतो. आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो. एक्सेल त्याला साधी संख्या समजून `4.12912E+11` असा आखूड करून दाखवते आणि सीएसव्ही जतन करताना तोच आखूड मजकूर फाइलीत उतरतो. मूळ क्रमांक गेला तो गेलाच. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही अशीच गळतात. म्हणून गेटवेकडून आलेली फाइल सर्व्हरवरून सर्व्हरवर घ्यावी, मग ती एसएफटीपीने येवो की एपीआयने, आणि मूळ प्रत कोणालाही बदलता येणार नाही अशा जागी ठेवावी. पाहणाऱ्यांसाठी वेगळी प्रत द्यावी.

फाइल दोनदा आत येणे हा दुसरा नेहमीचा प्रकार. रात्रीचे काम मध्येच बंद पडले, सकाळी कोणी ते पुन्हा चालवले आणि सहाच्या बारा ओळी झाल्या. यावर उपाय दोन पातळ्यांवर करतात. फाइल येताच तिचा हॅश काढून ठेवायचा आणि तोच हॅश पुन्हा आला तर फाइल बाजूला सारायची. पण गेटवे कधी कधी तीच फाइल थोड्या दुरुस्तीसह पुन्हा पाठवतो. तेव्हा हॅश बदलतो. म्हणून ओळीच्या पातळीवर सेटलमेंट क्रमांक आणि `entity_id` ही जोडी डेटाबेसमध्ये अनन्य ठेवायची. ती जोडी आधीच असेल आणि रक्कमही तीच असेल, तर ओळ निमूटपणे सोडून द्यावी. जोडी तीच आणि रक्कम वेगळी, असे झाले तर काम तिथेच थांबवावे. अनेक कार्यक्रम या दोन्ही वेळा ओळ सोडून देतात आणि मग गेटवेने केलेली दुरुस्ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

शेवटची परीक्षा फाइल अपुरी असण्याची. एपीआय पानापानाने माहिती देते. पहिल्या पानावर थांबलेला कार्यक्रम कुरकूर करत नाही, उरलेल्या ओळी नुसत्या येत नाहीत. म्हणून ओळींची बेरीज सेटलमेंटच्या एकूण रकमेशी ताडून पाहायची.

```sql
SELECT settlement_id,
       SUM(credit) - SUM(debit) AS net_paise
FROM   settlement_line
GROUP  BY settlement_id;
```

आपल्या फाइलीत पाच जमा ओळींची बेरीज 1628834 आणि परताव्याचे 160000 वजा, म्हणून 1468834 पैसे. ही बेरीज ज्याच्याशी ताडायची तो आकडा मात्र याच फाइलीतून काढायचा नाही. गेटवे सेटलमेंटची वेगळी यादी देतो, त्यात प्रत्येक सेटलमेंटची एकूण रक्कम असते. ती स्वतंत्रपणे मागवावी. स्वतःचीच बेरीज स्वतःशी ताडली तर ती कायमच बरोबर येणार.

फाइल आणि बँक

आता पहिला सांधा. सेटलमेंटची रक्कम एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने येते आणि प्रत्येक पाठवणीला यूटीआर नावाचा क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर साधारणपणे सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि आरटीजीएसचा बावीस. आयएमपीएसचा बारा अंकी संदर्भ वर आलाच आहे. हा क्रमांक गेटवेच्या फाइलीत `settlement_utr` अशा एखाद्या स्तंभात असतो आणि बँकेच्या उताऱ्यात तपशिलाच्या ओळीत कुठेतरी दडलेला असतो.

ही ओळ प्रत्येक बँक आपल्या तऱ्हेने लिहिते. कुणी यूटीआर आधी देते, कुणी पाठवणाऱ्याचे नाव आधी. एमटी 940 साच्यात उतारा घेतला, तर लांब तपशील मध्येच तुटून दुसऱ्या ओळीवर जातो आणि क्रमांकाचे दोन तुकडे होतात. म्हणून नवखे प्रोग्रॅमर प्रत्येक बँकेसाठी तपशिलातून यूटीआर उपटून काढणारा एक साचा लिहितात आणि बँकेने मांडणी बदलली की तो साचा मोडतो. त्यापेक्षा उलट्या बाजूने जावे. कोणता यूटीआर हवा आहे हे आपल्याला फाइलीतून आधीच माहीत असते. तेव्हा तपशिलातल्या मोकळ्या जागा आणि ओळीचे तुटक काढून टाकायचे आणि तो ठरावीक क्रमांक त्यात आहे का, एवढेच पाहायचे.

```sql
SELECT s.settlement_id, b.bank_txn_id,
       b.amount_paise - s.net_paise AS diff
FROM   settlement s
LEFT JOIN bank_credit b
  ON   replace(replace(replace(b.narration, ' ', ''), chr(13), ''), chr(10), '')
       LIKE '%' || s.utr || '%';
```

रक्कम समान असावी ही अट जोडणीत घातलेली नाही, हे मुद्दाम. ती घातली तर यूटीआर सापडूनही रक्कम वेगळी असलेली नोंद ‘बँकेत आलेच नाही’ या ढिगात जाऊन पडते. खरे तर तीच सगळ्यात गंभीर नोंद असते. म्हणून यूटीआरने जोडायचे आणि फरक वेगळ्या स्तंभात पाहायचा. तो शून्यच असला पाहिजे. इथे एक रुपयाचीही सवलत ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. गेटवेने 14,688.34 पाठवले असतील, तर बँकेत 14,688.34 च येतात. सवलत ठेवली की चुकीची जोडी लागायला वाट मोकळी होते.

यूटीआर सापडलाच नाही तर काय? आधी वाट पाहायची. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास आणि सातही दिवस चालते. त्यामुळे रविवारीही पैसे जमा होऊ शकतात. पण गेटवेचे दिवस मोजणे करारानुसार चालते आणि बँकेचा उतारा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी येतो. एक-दोन दिवसांची वाट ही चूक नव्हे. त्यानंतरही नोंद मोकळी राहिली, तर तारीख आणि रक्कम यांवरून यंत्राने एखादी शक्यता सुचवावी, पण जोडी पक्की करणे माणसाच्या हाती ठेवावे.

एखाद्या दिवशी बँकेत काहीच येत नाही आणि तेही बरोबर असते. मेच्या अखेरीला विक्री घटते, अवकाळी पावसाने भिजलेल्या पेट्यांचे परतावे वाढतात आणि दिवसाची बेरीज उणे होते. अशा वेळी गेटवे विक्रेत्याच्या खात्यातून पैसे काढत बसत नाही, बहुधा ती उणे रक्कम पुढच्या सेटलमेंटमध्ये ओढून नेतो. प्रत्येक दिवसासाठी बँकेत एक जमा असायलाच हवी असे गृहीत धरणारा कार्यक्रम इथे अडतो. जुळवणी दिवसाची करायची नसते, सेटलमेंट क्रमांकाची करायची असते.

फाइल आणि ऑर्डर

आंब्याच्या दुकानात दुसऱ्या सांध्याची अडचण चटकन दिसते. पाच डझनांची पेटी 3,200 रुपयांना असेल, तर दिवसाच्या निम्म्या ऑर्डरी 3,200 च्याच असतात. रक्कम पाहून कुठले पैसे कुणाचे हे ठरवताच येत नाही. इथे उपयोगी पडतो तो फक्त दुकानाचा स्वतःचा ऑर्डर क्रमांक, आणि तो पैसे मागतानाच गेटवेला द्यावा लागतो. वरच्या फाइलीतला `order_receipt` हा स्तंभ त्यासाठीच आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्याने तो रिकामा सोडला असेल, तर जुळवणीचे सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी त्याला काही करता येत नाही. कुठल्याही दुकानाचा हिशेब पाहायला घेतला की मी आधी हा स्तंभ पाहीन.

आता ओळी लावून पाहू. A1041, A1042 आणि A1043 यांची `amount` दुकानातल्या रकमेशी तंतोतंत जुळते. जुळवताना `amount` घ्यायची, `credit` नाही. कारण ग्राहकाने पेटीची पूर्ण किंमत दिली आहे. शुल्क हा विक्रेता आणि गेटवे यांच्यातला मामला आहे.

A1044 साठी दोन ओळी आहेत. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले, पडद्यावर चाक फिरत राहिले, पैसे गेले नाहीत असे वाटून त्याने पुन्हा दिले. दोन्ही व्यवहार पूर्ण झाले. दुकानाच्या प्रणालीत मात्र ऑर्डर एकच आणि तिच्यावर शिक्काही एकच. फाइलीतून ऑर्डरकडे गेल्याशिवाय हे दिसत नाही. ऑर्डरीकडून फाइलीकडे जाणारा कार्यक्रम A1044 शोधतो, त्याला `pay_04` सापडतो, तो समाधानाने पुढे जातो आणि `pay_05` तसाच पडून राहतो. म्हणून जुळवणी दोन्ही दिशांनी करायला हवी. प्रत्येक ऑर्डरला तिचे पैसे मिळाले का, आणि प्रत्येक पैशाला त्याची ऑर्डर मिळाली का.

A1045 ही 2,350 रुपयांची ऑर्डर दुकानात आहे, फाइलीत नाही. ती रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी झाली आणि गेटवेची त्या दिवसाची तुकडी तोवर बंद झाली होती. तिचे पैसे गुरुवारच्या सेटलमेंटमध्ये येतील. A1019 मात्र याच्या उलट. ती फाइलीत आहे आणि 6 मेच्या विक्रीत नाही. एप्रिलमधल्या त्या पेटीतले अर्धे आंबे खराब निघाले, म्हणून बागायतदाराने मंगळवारी 1,600 रुपये परत केले आणि गेटवेने ते बुधवारच्या रकमेतून वळते केले. परताव्याची जोडी मूळ व्यवहाराच्या क्रमांकावरून लावायची, मग तो महिनाभर जुना का असेना. पेटीच्या विक्रीवेळी कापलेले शुल्क बहुतेक करारांत परत मिळत नाही, हे परतावा ठरवताना लक्षात ठेवलेले बरे.

तिसऱ्या तऱ्हेची नोंद या दिवशी नाही, पण ती वारंवार येते. फाइलीत पैसे आलेले असतात आणि दुकानात ऑर्डर ‘प्रलंबित’ असते. ग्राहकाने पैसे दिल्यावर बँकेच्या पानावरून दुकानाच्या पानावर परत येण्याआधीच मोबाइल बंद केला आणि दुकानाची प्रणाली त्या परत येण्यावरच अवलंबून होती. गेटवे सर्व्हरवरून सर्व्हरला वेगळा संदेश पाठवतो, तो वेबहुक. तो नीट घेतला तर हा प्रकार बराच कमी होतो. ऑर्डर पाठवली गेली नाही आणि पैसे मात्र आले, अशी ग्राहकाची चिडकी तक्रार यायच्या आधी ती नोंद रोजच्या यादीत दिसली पाहिजे.

वेळेबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. गेटवे बहुधा वेळ यूटीसीमध्ये किंवा 1970 पासूनच्या सेकंदांत देतो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. अमेरिकेतला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांसाठी तिथल्या दुपारी पेटी नोंदवतो, तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. भारतीय वेळेनुसार 7 मेच्या पहाटे तीनची ऑर्डर यूटीसीनुसार 6 मेच्या रात्री साडेनऊची ठरते. एरवी हा एक दिवसाचा फरक पुढे मागे निभावतो. पण हंगामाच्या सुरुवातीला, 1 एप्रिलच्या पहाटेची विक्री 31 मार्चला पडली, तर ती मागच्या आर्थिक वर्षात जाते. तारीख ठरवण्याआधी वेळ भारतीय करून घ्यायची, एवढा एकच नियम पुरतो.

शिल्लक कोणाच्या नावाने

दोन्ही सांधे लागले की वहीत नोंदी कराव्यात. त्यासाठी ‘गेटवेकडून येणे’ असे एक मधले खाते उघडतात. ग्राहकाने पैसे दिले की ते खाते विक्रीच्या रकमेने नावे करायचे. परतावा दिला की जमा करायचे. सेटलमेंट बँकेत पडली की बँक खाते 14,688.34 ने नावे, गेटवे शुल्क 137 रुपयांनी नावे, त्यावरचा जीएसटी 24.66 ने नावे आणि मधले खाते 14,850 ने जमा.

या कराच्या 24 रुपये 66 पैशांबद्दल आंबेवाल्यांनी सावध राहावे. ताज्या आंब्याच्या विक्रीवर जीएसटी नाही. करमुक्त मालासाठी केलेल्या खर्चावरचा कर परत मागता येत नाही, म्हणून ती रक्कम शुल्कासोबत खर्चातच जाते. तोच बागायतदार डबाबंद आमरसही विकत असेल, तर त्या विक्रीपुरता हिशेब वेगळा आणि तिथे सनदी लेखापालाला विचारूनच नियम बसवावा.

आता मधल्या खात्याची शिल्लक पाहा. फक्त या व्यवहारांपुरते धरले तर 15,600 नावे, परताव्याचे 1,600 जमा, सेटलमेंटचे 14,850 जमा. शिल्लक उणे 850. आकडा लहान आहे आणि म्हणूनच फसवा आहे. ‘आठशे पन्नास इकडे तिकडे’ म्हणून तो कुणीही निर्लेखित करून टाकेल. पण त्यात दोन मोठ्या रकमा एकमेकींना झाकून बसल्या आहेत. A1045 चे 2,350 रुपये गेटवेकडून यायचे आहेत आणि A1044 च्या ग्राहकाचे 3,200 रुपये आपल्याकडे जादा आले आहेत. दोन हजार तीनशे पन्नासमधून तीन हजार दोनशे गेले की उणे 850 उरतात.

जुळवणी यशस्वी झाली असे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा या शिल्लकीची यादी नावासकट छापता येईल आणि यादीची बेरीज शिल्लकीइतकी येईल. ‘98 टक्के नोंदी जुळल्या’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे हाच तर प्रश्न असतो. `pay_05` सारखी मालक नसलेली रक्कम त्याच दिवशी ‘ग्राहकांचे देणे’ या खात्यात हलवावी. तसे केले की मधल्या खात्यात नेमके 2,350 रुपये उरतात. गुरुवारी A1045 ची सेटलमेंट आली की तेही शून्य होतात.

यादीतल्या प्रत्येक नोंदीला वय द्यावे. दोन दिवसांची मोकळी ऑर्डर ही नेहमीची गोष्ट, पाच दिवसांची असेल तर गेटवेला विचारावे, पंधरा दिवसांची म्हणजे कुठेतरी काही बिघडले आहे. हे आकडे करारातल्या मुदतीवरून ठरवावेत. यंत्राने वय मोजावे, यादी लावावी आणि संबंधित माणसाला रोज सकाळी पाठवावी. दोनदा आलेले पैसे परत करायचे की ग्राहकाला दुसरी पेटी हवी होती, हे मात्र माणसानेच फोन करून विचारावे. दोन वेळा दिलेले पैसे आपोआप परत करणारा नियम मी बसवणार नाही. सणासुदीला एकाच घरातली दोन माणसे खरोखरच दोन पेट्या घेतात आणि कधी कधी दुकानाची प्रणालीच त्यांना एका ऑर्डर क्रमांकात कोंबते.

हंगाम संपला म्हणून ही व्यवस्था बंद करता येत नाही. कार्डधारकाने बँकेकडे केलेली तक्रार, म्हणजे चार्जबॅक, महिन्या-दोन महिन्यांनीही येते. जुलैत बाग पावसात असते, विक्री शून्य असते आणि सेटलमेंटच्या फाइलीत अचानक 4,500 रुपयांची एकच उणे ओळ दिसते. तिच्यासमोर त्या दिवसाची ऑर्डर नसते, फक्त मूळ व्यवहाराचा क्रमांक असतो, `pay_02`. मेमधल्या ओळी जपून ठेवल्या असतील, तर त्या क्रमांकावरून A1042 सापडते, पेटी कोणत्या तारखेला पोचली त्याची कुरिअरची पावती सापडते आणि गेटवेने दिलेल्या मुदतीत उत्तर पाठवता येते. मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून उणे ओळ दिसताच कळवणारा नियम वर्षभर चालू ठेवावा आणि ज्याला कळवायचे त्याचा मोबाइल क्रमांक दर हंगामाच्या शेवटी तपासून घ्यावा.